सरपंचताई म्हणतात गळलेल्या संत्र्याचा उद्योग करा. कोणी केला आहे का?

नदीकाठचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. गाव काटोल तालुक्यातलं. नाव राहू द्या, आमच्या सरपंचताईंच्या हाती हा धागा लागला तर माझी खैर नाही.

15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरांना जिलेबी वाटून झाली आणि ग्रामसभेत ताई बोलायला उभ्या राहिल्या. दरवेळी नाली, दिवाबत्ती आणि घरकुलाची यादी असते. यंदा त्यांनी पदरातून दोन हिरवी संत्री काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, येताना धुऱ्यावरून उचलून आणली, आज प्रत्येकाच्या बगिच्यात झाडाखाली असा सडा पडला आहे. तुम्ही पोट्टे पुण्याला बारा हजारावर पॅकिंगला जाता आणि इथे माल मातीत जाते. याचा रस काढा, सरबत करा, बाटलीत भरा, ग्रामपंचायतीची जुनी खोली मी देते.

टाळ्या पडल्या. आम्ही चौघं जोशात आलो आणि 40 हजार जमवले. पण आमचा बाप म्हणते, "एवढं सोपं असतं तर मी तीस वर्षं झाडाखालचं उचलून खड्ड्यात काहून टाकलं असतं?" ताई बरोबर की बाप बरोबर, सांगा.

खवय्या_धंतोलीचा
संत्र्यापासून गावात उद्योग? आमच्या गावात देशीच्या दुकानात कधीपासून सुरू आहे. सकाळी आठला उघडते. 😀

विदर्भवीर
सरपंचताईंचं अभिनंदन! आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी आपण त्याचा रससुद्धा काढत नाही. परदेशात संत्र्याचा ज्यूस डब्यात मिळतो, मग आपला काहून नाही? मानसिकतेचा प्रश्न आहे. भावा, मशीन घे आणि सुरू कर.

रसवंती_रामदासपेठ
मशीन घेण्याआधी माझी गोष्ट ऐक.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी आणि माझ्या बहिणीने 60 किलो आंबिया, म्हणजे हिवाळ्यात तोडतात तो संत्रा, घेतला. झाडावरचा, चांगला पिवळा झालेला, गळ नाही. हाताने सोलला आणि मिक्सरमधून काढून गाळला. रात्री अकरा वाजता घरातल्या सगळ्यांनी एकेक ग्लास प्यायला, अमृत होतं. वीस बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी सासऱ्यांना ग्लास दिला, तर त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "यात कडुनिंब टाकला का?"

मला वाटलं, त्यांच्या तोंडाची चव गेली. मग मी प्यायले. कडूजहर. वास छान, रंग छान, आंबलेला नाही, फेस नाही, तरी कडू. साखर घातली तर गोडकडू झाला. वीसच्या वीस बाटल्या मोरीत ओतल्या. काय चुकलं ते मला आजपर्यंत नीट कळलेलं नाही.

सातबारा_सावनेर
बिया चुरल्या असतील ताई. कडूपणा बियांत असते. बिया काढून रस काढा, प्रश्न मिटला.

रसवंती_रामदासपेठ
दुसऱ्या वेळी बिया एकेक वेचून काढल्या हो भाऊ. थोडा कमी, पण कडू झालाच.

गाळणीवाले_काका
मी फळप्रक्रिया कारखान्यात रसाच्या लाइनवर बरीच वर्षं काढली, आता बेसाला घरी बसून आहे. ताई, तुमचं फार काही चुकलं नाही. नागपुरी संत्र्याचा हा स्वभावच आहे.

अख्ख्या फळात कडू पदार्थ तयार नसतो. फोडीवरच्या पातळ पापुद्र्यात, सालीच्या आतल्या पांढऱ्या गरात आणि सगळ्यात जास्त बियांत त्याचं बिनचवीचं रूप असते. म्हणून फोड चघळली तर गोड लागते. रस काढताना पापुद्रे फाटतात आणि ते बिनचवीचं द्रव्य आंबट रसात मिसळते. आंबटपणामुळे ते हळूहळू बदलते आणि लिमोनिन होते. या बदलाला काही तास लागतात. म्हणून रात्री अमृत आणि सकाळी कडुनिंब. सातबारा भाऊ अर्धे बरोबर आहेत: बिया गेल्या की बराच कमी होते, पण पापुद्रा राहिला तर खेळ तोच. मिक्सर तर सगळ्यात वाईट, पापुद्र्याची चटणीच करते.

विदर्भवीर, डब्यातला परदेशी ज्यूस बहुतेक वेगळ्या जातीच्या मोसंबीसारख्या संत्र्याचा असते, त्यात हा पदार्थ मुळात कमी. शिवाय मोठ्या कारखान्यात रस एका खास राळेच्या खांबातून सोडून कडूपणा शोषून घेतात. ते यंत्र ग्रामपंचायतीच्या खोलीत बसणार नाही. मानांकनाचा कागद दाखवून लिमोनिन पळत नाही.

आता पोट्ट्याच्या प्रश्नावर येतो. फळ जितकं कच्चं, तितका हा कडू माल जास्त, पिकत जाते तसा कमी होते. ऑगस्टमधली गळ म्हणजे तीन महिने आधी पडलेलं हिरवं फळ. बापाला विचार, त्याने कधी चाखून पाहिलं असेल.

नदीकाठचा_पोट्टा
बाप शेजारीच बसून आहे. मिशीतल्या मिशीत हसून राहिला.

संत्रा_बागायतदार_नरखेड
माझ्याकडे 400 झाडं आहेत. यंदा गळ खूप आहे, रोज टोपलंभर. कोणती फवारणी घ्यावी? फोटो टाकतो.

बागवानाची_सून
दादा, इथे गळीचं सरबत करायचं चाललं आहे, गळ थांबवायचं नाही. 😀 तरी सांगते. आधी पडलेलं फळ हातात घेऊन बघा. बारीक भोक असून भोवती मऊ डाग असेल तर रस शोषणारा पतंग आहे, रात्री बॅटरी घेऊन गेलात तर दिसेल. देठाकडून काळं पडत आलं असेल तर बुरशी. दोन्ही नसून फळ नुसतंच पिवळं होऊन पडलं असेल, तर आमच्याकडे जिब्रेलिक दीड ग्रॅम आणि युरिया एक किलो 100 लिटर पाण्यात मारतात. काहीही असलं तरी पडलेली फळं रोज उचलून खड्ड्यात पुरा, नाहीतर तीच बुरशी वर चढते.

तेच पोट्ट्यालाही सांगते. गळलेलं फळ म्हणजे अर्ध्या वेळी किडीने भोक पाडलेलं किंवा सडायला लागलेलं फळ. ते खाण्याच्या बाटलीत जायला नको. सरपंचताईंचा हेतू चांगला आहे, वस्तू चुकली.

विदर्भवीर
म्हणजे प्रयत्नच करायचा नाही का? सगळे पाय ओढायला बसले आहेत.

बागवानाची_सून
पाय कोणी ओढत नाही हो. झाडावरची चुरी आहे ना! नोव्हेंबरात तोडा झाला की व्यापारी मोठा माल उचलते आणि लिंबापेक्षा जरा मोठी फळं बाजूला ढीग लावून ठेवते. कळमन्याला नेली तर गाडीभाडंही निघत नाही. ती पिकलेली असतात, निरोगी असतात, फक्त बारीक असतात. ताईंनी टेबलावर चुरी ठेवायला पाहिजे होती.

नदीकाठचा_पोट्टा
हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे चुरी दहा रुपये किलोने कोणीही देईल. मग काका, चुरीचा रस कडू होणार नाही का?

गाळणीवाले_काका
होईल. नुसता रस विकायचं डोक्यातून काढा. स्क्वॉश करा, त्यात रस चौथा हिस्सा असते. साखर आणि पाण्याने कडूपणा पातळ होते, शिवाय प्यायच्या वेळी आणखी तिप्पट पाणी पडते. थोडा कडसर पाठीमागचा स्वाद राहिला तर लोकांना तो खऱ्या संत्र्याचा वाटते.

आधी एक परीक्षा करा, पैसे लागत नाहीत. ज्या बगिच्यातला माल घ्यायचा, त्यातली दहा फळं आणा. साल आणि पांढऱ्या शिरा काढा, फोड आडवी कापून बिया टाका, हाताने हलकेच पिळा. अर्धा रस तसाच ठेवा. अर्धा पातेल्यात वाफ येईपर्यंत तापवा, थंड करा आणि दोन्ही शेजारी ठेवून चाखा. उष्णतेने तो बदल भरभर होते, म्हणून उद्या सकाळची चव आज दुपारीच कळते. तापवलेला रस कडूजहर लागला तर तो माल सोडा, पंधरा दिवसांनी परत बघा.

परीक्षेत पास झाला तर 50 किलो चुरीचं गणित असं. हाताने सोलून हलका दाब दिला तर साधारण 20 किलो रस निघेल. जास्त निघावा म्हणून जोर लावू नका, शेवटचे दोन किलो सगळ्यात कडू असतात. 34 किलो साखर आणि 25 लिटर पाण्याचा पाक करा, त्यात 700 ग्रॅम सायट्रिक आम्ल टाका, गाळा आणि थंड होऊ द्या. मग रस मिसळा. एकूण 80 किलोच्या आसपास माल होईल.

रसवंती_रामदासपेठ
काका, पाकात रस घालून उकळायचं नाही का? मी तर उकळलं होतं.

गाळणीवाले_काका
नाही. उकळलं की वास उडते आणि कडूपणा वाढते. टिकवायचं काम साखर, आम्ल आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट करते. बाजारात त्याला केएमएस म्हणतात. 80 किलोला 48 ग्रॅम पुरते. कपभर स्क्वॉशमध्ये विरघळवून शेवटी टाका, तेही थंड मालात. गरम मालात टाकलं तर त्यातला वायू उडून जाते आणि बाटल्या महिन्याभरात आंबतात.

सातबारा_सावनेर
आमच्या मामेभावाने केएमएस चमच्याने टाकलं होतं. झाकण उघडलं की काडेपेटी पेटवल्यासारखा वास यायचा, आणि प्यायलं की घशात ठसका. पाहुण्यांसमोर इज्जत गेली.

गाळणीवाले_काका
म्हणून सोनाराचा नाही तरी ग्रॅमचा काटा घ्या. वायूची कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा किलोला 350 मिलिग्रॅम आहे, 48 ग्रॅममध्ये तुम्ही तिच्या जरा खालीच राहता. ज्यांना दमा आहे त्यांना हा वायू सोसत नाही, म्हणून लेबलवर लिहावंच लागते. उलट कमी पडलं तर झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येईल आणि कडेला बुडबुडे दिसतील. ती खेप विकायची नाही, कितीही जीव तुटला तरी. बुडाला गर बसणं मात्र साहजिक आहे, त्याला घाबरू नका.

बागवानाची_सून
मी बचत गटाचा हिशेब लिहिते, म्हणून हात शिवशिवून राहिले. काकांच्या मापाने करून बघते.

80 किलो म्हणजे साधारण 66 लिटर. सांडलवंड धरून पाऊण लिटरच्या 85 बाटल्या. चुरी 50 किलो, 500 रुपये. साखर 34 किलो, 44 च्या भावाने धरली तर 1500 च्या आत. बाटली, झाकण आणि लेबल मिळून 15 रुपये, म्हणजे 1275. आम्ल, केएमएस आणि गॅसला 300. सोलायला आणि पिळायला दोन बाया दिवसभर, 800. झाले 4375 च्या आसपास, बाटलीला 51-52 रुपये. 120 छापली आणि दुकानदाराने 30 टक्के घेतले तरी हातात 84 येतात.

कागदावर छान दिसते. पण बघा, 4375 मधल्या 500 रुपयांचंच संत्रं आहे. साखर कोल्हापूरची, बाटली कुठल्यातरी कारखान्यातली. सरपंचताईंचं 'गावातला माल' त्यात नवव्या हिश्शाचा आहे. गावात राहिले ते दोन बायांचे 800.

खवय्या_धंतोलीचा
म्हणजे हा संत्र्याचा उद्योग नाही, साखरेचा आहे. पश्चिम महाराष्ट्राचा डाव! 😀

विदर्भवीर
पण नफा तर गावात राहील ना? 85 बाटल्यांवर बाटलीमागे 32 म्हणजे 2700 च्या वर. एका दिवसाचे!

बागवानाची_सून
विकल्या तर. मी करण्याचा हिशेब दिला, विकण्याचा नाही.

फिरता_विक्रेता
विकण्याचं मी सांगतो, सात वर्षं प्रदर्शनात टेबल लावतो. संत्रा स्क्वॉश नोव्हेंबर-डिसेंबरात कोणी हातात घेत नाही, लोक चहा पितात. बाटली उचलतात मार्च ते मे. तुमचा आंबिया नोव्हेंबरात येते. म्हणजे केलेला माल चार महिने खोलीत पडून. तेवढे दिवस साखरेचे पैसे अडकलेले, आणि उजेडात ठेवलं तर रंग तपकिरी. दुकानदाराला दिलं तर तो म्हणते ठेवून जा, विकलं की देतो. मे संपला की उरलेल्या बाटल्या परत तुमच्या दारात.

माझा सल्ला: मृग बहाराच्या मालावर करा. तो फेब्रुवारी-मार्चला तोडतात, त्याच महिन्यात बाटली विकायला निघते. पैसा कमी दिवस अडकते.

संत्रा_बागायतदार_नरखेड
मृग आमच्याकडे दोन वर्षांपासून फुटलाच नाही. मे महिन्यात झाडाचं पाणी तोडून ताण दिला आणि मधेच अवकाळी पाऊस झाला की संपलं. मृगावर धंदा बांधणं म्हणजे पावसावर लग्नाची तारीख काढणं. बाकी फवारणीबद्दल आभार, पतंगच निघाला.

फिरता_विक्रेता
हेही खरं आहे. तुमचं बरोबर.

अमरावती_रोडवाला
कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नागपुरातच अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. चार पोरांनी एकदा तिथे जाऊन प्रत्यक्ष बघावं. कागदपत्रांचं म्हणाल तर विकण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. आणि 2020 मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना काढली, तिच्यात 35 टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त दहा लाख. पण ते कर्जाला जोडलेलं आहे. आधी बँक हो म्हणायला पाहिजे. अनुदानाच्या नादाने चार लाखांचं मशीन घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका गटाने घेतलं. पल्पर आहे, पापुद्रा बियांसकट वाटून देते. आता त्याच्यावर कबुतरं बसतात.

रसवंती_रामदासपेठ
पापुद्रा बियांसकट! म्हणजे माझा मिक्सर, मोठ्या आकाराचा.

मला एक सांगा काका, ऑनलाइन 'कडूपणा घालवणारं एन्झाइम' म्हणून पुडी मिळते. ती घ्यावी का?

गाळणीवाले_काका
पुडीवर नारिंजिनेज लिहिलं असेल. ते ग्रेपफ्रूटच्या कडूपणावर चालते, तिथे पदार्थ वेगळा असते, नारिंजिन. आपल्या संत्र्याचा कडूपणा लिमोनिनचा. ताप एकाचा आणि गोळी दुसऱ्याची. पैसे वाचवा.

सातबारा_सावनेर
सालीचं कोणी बोललं नाही. 50 किलोची साल निघेल ती? वाळवून पावडर करा, उटण्यावाले घेतात.

बागवानाची_सून
घेतात, पण विचारतात फवारणी कोणती आणि शेवटची कधी. आमच्याकडच्या बगिच्यात हंगामात आठ-दहा फवारण्या होतात आणि औषध सालीवरच बसते. चेहऱ्याला लावायची वस्तू आहे. ज्याच्याकडे फवारणीची वही आहे त्याच्याच सालीची पावडर करावी. तशी वही आमच्या गावात दोघांकडे आहे, त्यातला एक माझा सासरा. तो वही कोणाला दाखवत नाही, ते वेगळं.

खवय्या_धंतोलीचा
या धाग्यात संत्रं सोडून सगळं निघालं. साखर, बाटली, कबुतर, सासऱ्याची वही.

नदीकाठचा_पोट्टा
उशीर झाला, पोळ्याच्या गडबडीत होतो.

काकांची परीक्षा केली. आत्ता पिकलेलं फळ कुठलं, म्हणून गळीतली त्यातल्या त्यात बरी दहा उचलली. ग्रामपंचायतीच्या खोलीत शेगडी नेली, सरपंचताईंना बोलावलं, बापही आला. रस असा निघालाच नाही, दहा फळांत पाऊण कप. न तापवलेला आंबट आणि जरा कडू. तापवलेला ताईंनी स्वतः चाखला. दोन मिनिटं बोलल्याच नाहीत, मग पाणी मागितलं. बाप म्हणाला, "मी बोलत नव्हतो का." ताई म्हणाल्या, "मग भाषणाच्या वेळी काहून नाही बोललात?" बाप गप्प.

आता ठरलं असं की नोव्हेंबरात तोडा सुरू झाला की तीन बगिच्यांतल्या चुरीची परीक्षा करायची, जो पास होईल त्याचा एकच 50 किलोचा घाणा काढायचा. 40 हजारांतले पाच हजार लागतील, बाकी हात लावायचा नाही. त्या 85 बाटल्या अंधाऱ्या खोलीत ठेवून उन्हाळ्यात काय होते ते बघायचं. एक मित्र म्हणते एवढ्यासाठी मी पुण्याची नोकरी सोडणार नाही, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

ताईंचा एक प्रश्न मात्र तसाच आहे. त्या म्हणतात, चुरीचं ठीक आहे, पण झाडाखाली रोज पडून राहिलेल्या त्या टोपल्यांचं काय?

बागवानाची_सून
खड्डा, चुना आणि माती. सध्या तरी मला दुसरं माहीत नाही.

सातबारा_सावनेर
गूळ-पाणी घालून तीन महिने ड्रममध्ये ठेवलं तर फरशी पुसायचं पाणी होते म्हणतात. आमच्या सौ. करतात, पण पिकलेल्या फळाच्या सालीचं. हिरव्या गळीचं कोणी करून पाहिलं आहे का?

गाळणीवाले_काका
मी नाही. करून बघा, ड्रमचं झाकण रोज एकदा सैल करा, नाहीतर उडेल. आणि पोट्ट्या, नोव्हेंबरात चाखायला मला बोलव. वाडीपर्यंत बसने येतो, पुढे मोटरसायकल पाठव.